कोमट दुधाचा फेस का बसतो?

बॅटरीवर चालणारा छोटा फ्रॉथर आता बऱ्याच स्वयंपाकघरांत आला आहे. तरी तक्रार एकच: बुडबुडे भरपूर येतात आणि कॉफी ओतेपर्यंत नाहीसे होतात. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो, दुधाच्या तापमानाचा असतो.

फेस उभा राहतो तो प्रथिनांच्या जोरावर. दूध ढवळताना आत शिरलेल्या हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती केसीन आणि निवळीतली प्रथिने पातळ पापुद्रा धरतात. हा पापुद्रा टिकला तर फेस टिकतो. स्निग्धांश मात्र त्याच्या आड येतो, आणि किती येतो हे तापमानावर ठरतं.

साधारण वीस ते तीस अंशांच्या कोमट दुधात स्निग्धांशाचे कण अर्धे घट्ट, अर्धे पातळ असतात. घट्ट भाग पापुद्र्याला टोचतो, पातळ भाग त्यावर पसरतो आणि बुडबुडा फुटतो. ताक घुसळताना लोणी निघतं तेही याच अर्धवट घट्टपणामुळे, कारण टोचलेले कण एकमेकांना चिकटतात. चाळीस अंशांच्या पुढे स्निग्धांश पूर्ण वितळतो आणि हा त्रास बराच कमी होतो.

आता प्रत्यक्ष कप. दीडशे मिली टोन्ड दूध पातेल्यात मंद आचेवर ठेवावं. पाकिटातल्या या दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो आणि एकजीव केलेलं असेल तर त्याचे कण बारीक झालेले असतात. कडेला बारीक बुडबुडे धरू लागले, वाफ दिसू लागली की उतरवावं. थर्मामीटर असेल तर साठ ते पासष्ट अंश. दूध उंच भांड्यात, निम्म्याहून कमी भरेल असं ओतावं. फ्रॉथर आधी पृष्ठभागाच्या जरा खाली धरून हवा आत घ्यावी, मग खाली नेऊन मोठे बुडबुडे फोडावेत. भांडं ओट्यावर हलकेच आपटून गोल फिरवलं की फेस ओल्या रंगासारखा चकाकतो. तो लगेच ओतावा, कारण थांबलं की दूध खाली झिरपतं आणि वर कोरडा फेस उरतो.

सत्तर अंशांच्या पुढे गेल्यास निवळीतली प्रथिने उलगडून गोळा होऊ लागतात आणि दुधाला शिजल्याचा वास येतो. एकदा उकळलेलं दूध वापरायचं असेल तर साय गाळून घ्यावी. तिचे तुकडे फेस फोडतात.

साय काढलेल्या दुधाचा फेस सर्वांत उंच होतो, पण जिभेला कोरडा लागतो. फुल क्रीमचा फेस कमी चढतो, चव मात्र भरते. रोजच्या कपासाठी टोन्ड दूधच बरं.

इतकं सांभाळूनही फेस चुरचुरत बसत असेल तर दूध शिळं असण्याची शक्यता आहे. साठवणीत स्निग्धांश फुटून मुक्त मेदाम्लं तयार होतात आणि ती फेस लवकर मोडतात. तेव्हा फ्रॉथर बदलण्याआधी ताजं पाकीट फोडून पाहा.