गाडी लीजवर, पगार कमी: नेमकं काय आणि किती घटतं?

नोकरदारांच्या गप्पांत कार लीजचा विषय निघाला की दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, कंपनी गाडी फुकट देते. दुसरा म्हणतो, महिन्याचे 35,000 रुपये सरळ खिशातून जातात. दोघांचंही चुकतं, आणि चूक एकाच ठिकाणी आहे: हातात येणारा पगार आणि करपात्र पगार या दोन आकड्यांना ते एकच समजतात.

व्यवहार असा असतो. गाडी लीज कंपनीची, भाडेकरार तुमच्या मालक कंपनीच्या नावावर, वापर तुमचा. भाडं कंपनी भरते, पण तेवढी रक्कम तुमच्या सीटीसीतून, बहुधा स्पेशल अलाउन्समधून, वळती करते. ती तुम्हाला पगार म्हणून मिळतच नाही, म्हणून पगार म्हणून तिच्यावर करही लागत नाही. मग ‘फुकट’ कसलं? पैसे तुमचेच आहेत. ते हातात पडण्याआधीच गाडीकडे वळतात, इतकंच.

मात्र आयकर खातं इतकं भोळं नाही. कंपनीने दिलेली गाडी ही सुविधा आहे आणि पर्क्विझिट म्हणून तिची ठरावीक किंमत करपात्र उत्पन्नात धरली जाते. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नियमांत 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाची गाडी ऑफिस आणि घर दोन्हींसाठी वापरली आणि इंधन-देखभालीचा खर्च कंपनीने केला, तर हा आकडा महिन्याला 1,800 रुपये आहे. इंजिन त्याहून मोठं असेल तर 2,400. चालकाचा पगारही कंपनी देत असेल तर आणखी 900.

आता हिशोब करू. वार्षिक पगार 30 लाख, नवी करप्रणाली, गाडी लहान इंजिनाची. भाडं, विमा, देखभाल, पेट्रोल असे सगळे मिळून महिन्याला 35,000, म्हणजे वर्षाचे 4,20,000 रुपये पगारातून वजा झाले. पर्क्विझिटचे 21,600 परत जोडले गेले. करपात्र पगार 3,98,400 रुपयांनी घटला. प्रमाणित वजावटीनंतरही हे उत्पन्न 24 लाखांच्या वरच राहतं, त्यामुळे घटलेल्या सगळ्या रकमेवर 30 टक्के कर आणि त्यावरचा 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 31.2 टक्के वाचतात. वर्षाला सुमारे 1,24,300 रुपये. हातात येणारा पगार वर्षाला सुमारे 2,95,700 रुपयांनी, म्हणजे महिन्याला साधारण 24,640 रुपयांनी कमी होतो. 35,000 नाही, आणि शून्य तर नाहीच.

हाच हिशोब सगळ्यांना लागू होतो, हा त्यापुढचा गैरसमज. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी 12.75 लाखांपर्यंत पगार असलेल्याला, दुसरं उत्पन्न नसेल तर, मुळात करच भरावा लागत नाही. त्याने पगारातून 15,000 रुपये गाडीला दिले तर हातातला पगार पूर्ण 15,000 रुपयांनीच घटतो. वाचायला कर कुठे आहे? सवलत टक्क्यांची असते आणि टक्का तुमच्या वरच्या टप्प्याचा असतो.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज वापराचा. 1,800 किंवा 2,400 चा आकडा मिश्र वापरासाठी आहे. गाडी निव्वळ खासगी कामासाठी वापरली जात असेल तर ही सवलत नाही. कंपनीने केलेला भाडं, इंधन, देखभालीचा प्रत्यक्ष खर्च पर्क्विझिट ठरतो. वरच्या उदाहरणात तसं झालं तर पगारातून घटलेले 4,20,000 दुसऱ्या दाराने परत येतात, करपात्र पगार होता तिथेच राहतो आणि हातातून महिन्याला पुरते 35,000 जातात. कंपनीकडून दोन गाड्या घेतल्या तर दुसरीच्या बाबतीत हेच होतं, कारण मिश्र वापराची सवलत एकाच गाडीला मिळते. कंपनी जे वापराचं घोषणापत्र भरून घेते, त्यावर न वाचता सही करू नये ती यासाठी.

कागदावर हे ओळखायचं कसं? 2025-26 च्या फॉर्म 16 मध्ये कलम 17(1) खालचा पगार घटलेला आणि 17(2) खाली गाडीची छोटी रक्कम दिसली, की व्यवस्था नीट लागली. फॉर्म 12बीए मध्ये गाडीच्या ओळीत 21,600 दिसावेत, 4,20,000 नव्हे. पण 17(1) चा आकडा पूर्वीइतकाच असेल आणि लीजचे पैसे फक्त स्लिपच्या कपातीच्या रकान्यात असतील, तर भाडं बहुधा करानंतरच्या पगारातून जातंय. मग करबचत काहीच नाही. वर्ष संपायची वाट न पाहता पेरोल विभागाला तेव्हाच विचारलेलं बरं.

पीएफचं काय होईल, हाही प्रश्न असतो. रक्कम स्पेशल अलाउन्समधून गेली आणि कंपनी पीएफ मूळ वेतनावर कापत असेल तर त्याला धक्का लागत नाही. गृहकर्ज मात्र वेगळं: बँक स्लिपवरचा घटलेला पगार पाहते, त्यामुळे घर घ्यायचा बेत जवळ असेल तर लीजची वेळ विचारात घ्यावी. आणि मुदतीआधी नोकरी सोडली, तर लीज बंद करण्याचं शुल्क बहुतेक करारांत कर्मचाऱ्याच्याच अंगावर येतं. ते कलम गाडीचा रंग निवडण्याआधी वाचावं.