सतराव्या वर्षीची कंडरा, पंचेचाळिसाव्या वर्षीचा खेळ

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, जेथे मोकळे मैदान दुर्मिळ झाले आहे तेथे, उंच जाळ्यांनी वेढलेले आणि दिव्यांनी उजळलेले कृत्रिम हिरवळीचे लहानलहान आयत निर्माण झाले असून, दिवसभर कचेरीत खुर्चीवर आणि उरलेला वेळ लोकलमध्ये वा रिक्षात घालवलेला चाळिशी ओलांडलेला गृहस्थ रात्री दहाचा स्लॉट चुकू नये म्हणून धावतपळत तेथे पोहोचतो, बूट आवळतो आणि पहिल्याच मिनिटाला चेंडूच्या मागे सुसाट सुटतो. त्याला भय असते ते दम लागण्याचे. छातीत कळ येत असेल, घराण्यात अकाली हृदयविकाराचा इतिहास असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल, तर त्याने वैद्याचा सल्ला घेऊनच मैदानात उतरावे, हे निर्विवाद आहे. परंतु ज्यांचे हृदय सुस्थितीत आहे अशा बहुसंख्यांना वारंवार दगा देते ती छाती नव्हे, पोटरी आणि टाचेमागची जाड कंडरा, जिला वैद्यक अकिलीसची कंडरा म्हणते.

या कंडरेविषयी डेन्मार्कमधील संशोधकांनी 2013 साली जे सिद्ध केले ते प्रत्येक प्रौढ खेळाडूने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 1955 ते 1963 या काळात महासत्तांनी वातावरणात केलेल्या अणुस्फोटांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे, म्हणजे कार्बन-14चे, प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि वातावरणातील चाचण्यांवर बंदी आल्यानंतर ते क्रमाक्रमाने उतरत गेले. अन्नावाटे हा कार्बन प्रत्येकाच्या देहात गेला. त्यामुळे ज्या वर्षी एखादा ऊतक घडला त्या वर्षाची मोहर त्याच्यावर उमटून राहिली. 1945 ते 1983 या काळात जन्मलेल्या मृत व्यक्तींच्या कंडरा तपासल्या तेव्हा आढळले, की कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळपास होतच नाही. स्नायूंचे मात्र आयुष्यभर चालू असते. म्हणजे आज पंचेचाळिशीचा जो खेळाडू मुलुंडच्या टर्फवर उतरतो, तो महाविद्यालयात जाण्यापूर्वी मिळालेल्या कंडरेवरच खेळत असतो, आणि तिच्यावर पडलेल्या साऱ्या ताणांचा हिशेब तिच्यात शिल्लक असतो.

कंडरेचे काम स्प्रिंगचे आहे: पाय टेकताना ती ताणली जाते आणि उचलताना ती साठवलेली शक्ती परत देते. धावताना तिच्यावर देहाच्या वजनाच्या सहा-सात पट भार येतो, आणि थांबलेल्या अवस्थेतून एकाएकी झेप घेताना हा भार अत्यल्प काळात येऊन पडतो. पोटरीचा स्नायू बळकट असेल तर तो या आघाताचा मोठा वाटा स्वतःकडे घेतो. परंतु चाळिशीनंतर स्नायू क्षीण होऊ लागतात, त्यातही झटक्याने आकुंचन पावणारे तंतू आधी घटतात, आणि मग आघात झेलण्याचे ओझे त्या जुन्या कंडरेवर किंवा स्नायू व कंडरा यांच्या सांध्यावर येते. पाच-पाच जणांच्या लहान टर्फवर मोठ्या मैदानासारखी लांब धाव क्वचितच घडते; तेथे थांबणे, वळणे आणि पुन्हा सुटणे हाच खेळ असतो, आणि पोटरीला नेमके तेच जड जाते.

यात आणखी एक काळाचे गणित आहे. कष्टाचा खेळ झाल्यावर कंडरेतील कोलॅजन नावाचे प्रथिन नव्याने तयार होऊ लागते हे खरे. परंतु त्याच वेळी जुन्याची मोडतोडही वाढते, आणि पहिले चोवीस ते छत्तीस तास मोडतोडीचे पारडे जड असते. हा काळ उलटण्यापूर्वीच दुसरा कष्टाचा खेळ केला, तर डागडुजीची मुदतच मिळत नाही. शनिवारी रात्री नेहमीचा सामना आणि रविवारी सकाळी कार्यालयीन स्पर्धा, ही जी आपल्याकडे रूढ जोडी आहे, तिच्याइतकी प्रतिकूल व्यवस्था ठरवूनही करता आली नसती.

उदाहरणादाखल घाटकोपरच्या एका बँक अधिकाऱ्याची कल्पना करू, वय पंचेचाळीस, दर शनिवारी एक तास टर्फवर. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी भार मोजण्याची जी सोपी रीत रूढ केली तीत, श्रम किती वाटले याला शून्य ते दहा असा अंक द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. साठ मिनिटे आणि श्रमाचा अंक सात, म्हणजे चारशे वीस. कित्येक महिने त्याच्या आठवड्याचे एकूण खाते एवढेच. आता बँकेची स्पर्धा येते: रविवारी वीस-वीस मिनिटांचे चार सामने, ईर्षा अर्थातच अधिक, अंक नऊ. ऐंशी गुणिले नऊ म्हणजे सातशे वीस. आदल्या रात्रीचा सामना धरून अकराशे चाळीस. सवयीच्या जवळजवळ पावणेतीनपट भार एका आठवड्यात, तोही छत्तीस तासांच्या आत! तिसऱ्या सामन्यात पोटरी फाटली तर गृहस्थ टर्फला दोष देतो, प्रतिस्पर्ध्याला देतो, नशिबालाही देतो.

गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा एखाद्या आठवड्याचा भार सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक वाढू देऊ नये, असा एक ठोकताळा आहे. त्याच्या अचूकपणाविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे, पण त्याची दिशा अनुभवाशी जुळते. आपल्या अधिकाऱ्याने स्पर्धेच्या सहा आठवडे आधी मंगळवारी अर्धा तास सौम्य धावण्याची तजवीज करावी, अंक पाच, म्हणजे दीडशे. एकूण पाचशे सत्तर. दोन आठवड्यांनी ते चाळीस मिनिटे आणि अंक सहा, म्हणजे दोनशे चाळीस. एकूण सहाशे साठ. स्पर्धेच्या आठवड्यात मंगळवार पुन्हा दीडशेवर आणावा, शनिवारचा सामना निर्धाराने रद्द करावा, आणि रविवारी आलटून पालटून बदली होत एकूण साठच मिनिटे खेळावे. श्रमाचा अंक आठ धरला तरी चारशे ऐंशी. बेरीज सहाशे तीस. स्पर्धाही झाली आणि खातेही मर्यादेत राहिले.

भाराबरोबर पोटरीचे बळ वाढवण्याचा उपाय इतका साधा आहे, की त्याची उपेक्षा होते. स्वीडनमधील उमेओ येथील अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच कंडरा दुखत असे. शस्त्रक्रियेस वरिष्ठांनी नकार दिल्यावर, कंडरा पूर्ण तुटली तर तरी शस्त्रक्रिया होईल अशा विलक्षण हेतूने त्यांनी तिला कठोर व्यायाम देण्यास प्रारंभ केला आणि ती बरी झाली, अशी हकीकत सांगतात. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पंधरा हौशी खेळाडू होते, सरासरी वय चव्वेचाळीस. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच संथपणे खाली सोडण्याच्या व्यायामाने बारा आठवड्यांत ते सारे पूर्वीसारखे धावू लागले. पुढील अभ्यासांत यश इतके निरपवाद राहिले नाही. तरी रीत टिकली. निरोगी माणसाला त्या व्यायामाचा रोजचा मारा नको. आठवड्यातून तीन दिवस, जिन्याच्या पायरीवर, कठडा धरून, एका पायावर टाच वर घ्यावी आणि तीन सेकंदांत खाली आणावी, काही फेऱ्या गुडघा ताठ ठेवून, काही किंचित वाकवून, कारण वाकलेल्या गुडघ्याने पोटरीतला खोल असलेला सोलियस स्नायू कामाला लागतो. एका पायावर सलग पंचवीस वेळा टाच उचलता येणे हा फिजिओथेरपीतला जुना मापदंड आहे. चाळिशीतले कित्येक जण बारा-पंधरालाच थांबतात, आणि तरीही स्वतःला विंगर म्हणवतात.

सामन्यापूर्वी शरीर तापवणे आवश्यक खरे. स्लॉट दहाचा असेल तर पावणेदहालाच जाळीबाहेर सुरुवात करावी. मात्र त्यावर सारी भिस्त ठेवू नये. फिफाचा वीस मिनिटांचा ‘11+’ नावाचा कार्यक्रम तरुण संघांत दुखापती लक्षणीय घटवतो. जर्मनीत बत्तीस वर्षांवरील हौशी खेळाडूंवर तो आजमावला, तेव्हा 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण दुखापतींत ठळक फरक दिसला नाही. संशोधकांनी दाखवलेले संभाव्य कारण असे, की हे संघ आठवड्यातून एकदाच जमत. बळ आठवड्याच्या मधल्या दिवसांत कमवावे लागते. मैदानाच्या दारात ते उधार मिळत नाही.

राहिला जागेचा प्रश्न, आणि येथेच अभिमान आडवा येतो. सपाट पावलांवर उभे असताना चेंडू डोक्यावरून मागे जावा आणि गर्रकन वळून त्याचा पाठलाग करावा लागावा, हा पोटरी फाटण्याचा हमखास प्रसंग. म्हणून प्रौढाने बाजूची पट्टी तरुणांस सोडून सर्वांत मागची जागा घ्यावी. तेथे खेळ समोर दिसतो, चेंडू कोठे जाणार याचा अदमास येतो आणि दोन पावले आधी निघता येते. मात्र ही जागा घेऊन जो मध्यरेषेपर्यंत पुढे सरकतो, त्याच्यावर विशीतल्या प्रतिस्पर्ध्यामागे धावण्याची पाळी येतेच. खोल राहण्याची शिस्त हीच त्या जागेची किंमत. गोलरक्षण ही विश्रांतीची जागा समजणे तर साफ चूक, कारण दहा मिनिटे थंड उभे राहून एकाएकी झेप घ्यायची असते. ज्या सुनील छेत्रीने 10 जून 2018 रोजी अंधेरीच्या मैदानावर केनियाविरुद्ध दोन गोल केले, तोच मार्च 2025 मध्ये चाळिशी उलटल्यावर शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल करून गेला. परंतु त्याचा दाखला देणाऱ्याने त्याचा संपूर्ण आठवडा डोळ्यांपुढे आणावा, केवळ रविवार नव्हे.

इशारे ओळखणे कठीण नाही. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली पावले ताठर वाटली आणि काही मिनिटांत सुटली, तर काळजी नाही. ताठरपणा अर्धा तास टिकला किंवा खेळाच्या दुसऱ्या सकाळी वेदना वाढलेली आढळली, तर त्या आठवड्याचा भार उतरवावा. पोटरी फाटल्यावर चालताना दुखणे दहाएक दिवसांत थांबते आणि लोक परततात. पुनरावृत्ती होते ती अशानेच. दुखऱ्या पायावर दुसऱ्या पायाइतक्याच वेळा टाच उचलता आली आणि एका पायावर उड्या मारताना धास्ती वाटली नाही, तरच परतावे. आणि कोणी मागून टाचेवर लाथ मारल्यासारखे वाटले, वळून पाहता मागे कोणीच नाही, आणि चवड्यावर उभे राहता येत नाही, तर कंडरा तुटली असे समजून त्याच दिवशी अस्थितज्ज्ञ गाठावा. पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलत नाही, ही त्याची खूण.

एक गोष्ट औषधांची. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या वर्गातील प्रतिजैविकांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. ती घेतली असतील तर पुन्हा खेळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पंचवीसची परीक्षा आज रात्रीच घरच्या जिन्यावर देता येईल. उत्तीर्ण झालात तर बेधडक नाव नोंदवा. अनुत्तीर्ण झालात आणि स्पर्धेस बारा आठवडे उरले असतील, तर उद्यापासून पायरी धरा. त्याहून कमी अवधी उरला असेल, तर यंदा संघाचे व्यवस्थापकपद स्वीकारा आणि खेळाडू म्हणून नाव पुढच्या मोसमाच्या यादीत घाला.