आमसोल, तंबोला आणि मधली वाट

टोकियोच्या एका कंपनीला १९५०च्या दशकात जगभर चालेल असं नाव हवं होतं. ध्वनीसाठीचा लॅटिन शब्द 'सोनस' आणि लाडाने मुलाला म्हणतात तो इंग्रजी 'सनी' (Sonny) यांतून ते जुळवलं जात होतं. पण जपानी माणूस Sonny हे 'सोन-नी' असं वाचणार, आणि जपानीत 'सोन' म्हणजे तोटा! मग एक n गाळला आणि Sony झालं. १९५५ साली ते रेडिओवर आलं, १९५८ साली कंपनीचंच नाव बनलं. एक अक्षर गाळलेला शब्द एरवी शुद्धलेखनाची चूक वाटतो. इथे मात्र अक्षराबरोबर उच्चारही बदलला, 'सनी'चं 'सोनी' झालं, म्हणून तो स्वतंत्र शब्द म्हणून उभा राहिला.

आता समजा, कोकणातल्या एखाद्या उद्योजिकेला कोकम सरबतासाठी असंच नाव घडवायचं आहे. आमसूल उन्हात वाळतं, म्हणून 'आम' आणि सूर्यासाठीचा लॅटिन 'सोल' जोडून तिने Amsol केलं. कल्पना सुरेख, नाव कुचकामी. कारण कित्येक घरांत आमसुलाला आमसोलच म्हणतात. मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम ९ खाली सहसा नोंदवता येत नाही, आणि लिहिण्यात थोडा फरक केल्याने तो आपोआप वेगळा ठरत नाही.

मग रातांबा घ्यावा? रोमन लिपीत सुरुवातीलाच Rat, म्हणजे उंदीर. सरबताच्या बाटलीवर नकोच. मागचा 'तांब' ठेवून त्याला सुंदर या अर्थाचा इटालियन 'बेल्लो' जोडला, दोन्हींतला b सामाईक केला, तर Tambello होतं. कानाला गोड आहे, पण दुसरा l लिहायचा की नाही हा घोळ राहतो. तो काढून Tambelo करावं, तर डोळ्यांना दिसतो तो Tambola! पार्टीतल्या खेळाचं नाव कुणीतरी चुकीचं छापलंय, असंच लोकांना वाटणार. शोधयंत्रही 'तुम्हाला तंबोला म्हणायचंय का' असं विचारण्याची शक्यता आहे.

शेपूट बदलायला हवं. जोम या अर्थाचा इटालियन 'ब्रिओ' घेतला, b पुन्हा सामाईक ठेवला, की Tambrio मिळतं. शब्दाच्या मधोमध आलेल्या mbr या जोडणीमुळे तंबोला चटकन आठवत नाही.

याची खरी परीक्षा फोनवर होते. नाव नुसतं ऐकवायचं आणि ओळखीच्या दहा जणांना ते रोमनमध्ये लिहायला सांगायचं. प्रत्येकाने वेगळंच लिहिलं तर नाव सोडावं. इथे बहुधा एकच फाटा फुटेल, Tambriyo. त्या नावाचा वेबपत्ताही घेऊन ठेवला की ती गळती थांबते. त्यानंतर ट्रेडमार्क नोंदवहीत सरबतांच्या ३२व्या वर्गात उच्चाराने जवळची नावं शोधायची, कारण हे नाव किंवा त्याचं भावंड तिथे कुणी आधीच नोंदवलेलं असू शकतं.