तमाशापट आणि त्याच्या इतिहासाची पुस्तके

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच यात्रेची तारीख घेऊन येतात, चार राहुट्या हिंडतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरवून परततात. जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. पण याच वाचकाला सिनेमाचे वेड असेल, तर पडद्यावरच्या तमाशाबद्दल त्याला काही प्रश्न पडले पाहिजेत: हे चित्रपट कोणी काढले, कोणी पाहिले, त्यातून पैसा कोणी कमावला? नटनट्यांच्या चरित्रांत याची उत्तरे सहसा मिळत नाहीत. माझ्या मते सिनेमाच्या इतिहासाचे पुस्तक पारखायची एकच कसोटी आहे. लेखकाला जे माहीत आहे ते त्याला कशावरून माहीत आहे, हे पुस्तकातून कळले पाहिजे.

ही कसोटी लावायला सर्वांत सोयीचे उदाहरण ‘राजा हरिश्चंद्र’चे. 3 मे 1913 रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे कुठलेही पुस्तक सांगते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे आहेत. ती रिळे मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आता हातातले पुस्तक उघडा. त्यात या रिळांमधले चित्र ‘1913’ असे बेधडक छापले असेल आणि शंकेचा उल्लेखही नसेल, तर लेखकाने आधीच्या पुस्तकातून उतरवून घेतले आहे असे समजायला हरकत नाही. पुढच्या पानांवरही मग तितकाच विश्वास ठेवावा.

तमाशापटाकडे वळताना आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय सिनेमाचा इंग्रजी कोश जवळ हवा. तो 1994 मध्ये निघाला आणि 1999 मध्ये सुधारून पुन्हा आला. सलग वाचायचे ते पुस्तक नव्हे. चित्रपट कोणत्या कंपनीचा, दिग्दर्शक कोण, त्याच लोकांनी आधी काय केले होते, हे धागे त्यातून जुळतात. ‘लोकशाहीर रामजोशी’पासून (1947) ‘सांगत्ये ऐका’पर्यंत (1959) आणि पुढे ‘पिंजरा’पर्यंत (1972) आले की तमाशापट एका रात्रीत जन्मला नाही, हे ध्यानात येते. मात्र कोश चित्रपट कसा बनला ते सांगतो, कसा पाहिला गेला ते फारसे सांगत नाही. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण तो शहरातल्या एका थिएटरचा आकडा आहे. यात्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा बघणाऱ्यांची त्यात मोजदाद नाही.

प्रेक्षकांची बाजू हवी असेल तर 1927-28 च्या सिनेमॅटोग्राफ समितीचा अहवाल वाचावा. टी. रंगाचारियर तिचे अध्यक्ष होते. ब्रिटिश साम्राज्यातल्या चित्रपटांना अमेरिकन चित्रपटांपुढे झुकते माप द्यावे का, हा सरकारचा मूळ प्रश्न. त्यासाठी समितीने ठिकठिकाणी साक्षी घेतल्या आणि थिएटरमालक, वितरक, शिक्षक, अधिकारी यांचे म्हणणे प्रश्नोत्तरांसकट छापले गेले. सरकारी कागद म्हणून नाक मुरडू नये. कोणता प्रेक्षक कोणत्या भाषेतला मजकूर वाचू शकतो, स्वस्त तिकिटाला कोण येतो, असल्या साध्या चौकशीतच खरा इतिहास असतो. अर्थात प्रश्न विचारणाऱ्यांचा कल उत्तरांत उतरलेला असतो, हे धरून चालावे.

यावर कोणी म्हणेल, मग आत्मचरित्रे बाद करायची का? मुळीच नाही. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ घ्या. ज्या चित्रपटात त्या चमकल्या त्याचेच नाव त्यांनी आत्मकथनाला दिले. अरुण साधूंनी त्यांच्याकडून ऐकून ते शब्दबद्ध केले, आणि श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’ला (1977) त्याचाच आधार आहे. त्यात खासगी आयुष्य भरपूर आहे, म्हणून त्याला गावगप्पा म्हणणे सोपे. पण घर चालवण्यासाठी लहान वयात कामाला लागलेली मुलगी, तिच्या कमाईवर डोळा ठेवणारे घरचे, एका कंपनीतून दुसरीत जाणे, हे सारे कामगाराच्या नजरेने वाचले की स्टुडिओचे अर्थकारण समोर येते. तारखांसाठी कोश आणि जगण्यासाठी हंसाबाई, अशी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावीत. तारखेत दोघांची गाठ पडली नाही, तर आधी कोशाचे ऐकावे. व्ही. शांतारामांचे ‘शांतारामा’ आणि बापू वाटव्यांचे ‘एक होती प्रभातनगरी’ यांत प्रभात कंपनीची हकीकत येत असल्याने तीही अशीच जोडीने वाचावीत.

दुसरी तक्रार अशी की ही पुस्तके जाडजूड, बरीचशी इंग्रजीत आणि तालुक्याच्या वाचनालयात न मिळणारी. तक्रार खरी आहे. म्हणून सुरुवात मराठीतून, हंसाबाईंपासूनच करावी आणि कोशासाठी पुण्याची एक फेरी मारावी. एक उणीव मात्र कुठलेही ग्रंथालय भरून काढणार नाही. तंबूतल्या सिनेमाचे आणि फडांचे कागद तिथे पोचलेलेच नाहीत, ते घरोघरच्या माळ्यावर असतात. तेव्हा जुन्या सुपारीच्या वह्या, करमणूक कराच्या पावत्या, यात्रेतल्या खेळाची हँडबिले हाती लागली, तर रद्दीवाल्याला देण्याआधी त्यांचे फोटो काढा आणि मागे गाव आणि साल लिहून ठेवा.