एकनाड निघाली; घरी सांगायचं कसं?

मुलामुलीने एकमेकांना पसंत केलेलं असतं, हॉल बघणं सुरू झालेलं असतं आणि मग एखादी मावशी म्हणते, ‘पत्रिकेवर नुसती नजर टाकून घेऊ.’ त्यातून एकनाड निघाली की घर हादरतं. मंगळ निघाला तर ‘सौम्य आहे’ म्हणायची सोय सगळ्यांना पाठ असते. एकनाडीला मात्र ‘मूल होणार नाही’ हे एकच वाक्य चिकटलेलं आहे.

निकाल हातात आला की त्याचा फोटो काढून रात्री अकराला जोडीदाराला पाठवू नये. ‘नाडी 0’ एवढंच त्याला दिसतं आणि पुढचं तो मोबाइलवर शोधत बसतो. आधी आपण स्वतः ते शून्य कुठून आलं ते समजून घ्यावं.

36 गुणांपैकी नाडीचे 8. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात, त्यावरून नाडी ठरते. सत्तावीस नक्षत्रं आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. म्हणजे रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं घेतली तरी साधारण तिघांत एकदा एकनाड निघणारच. आपल्या आधीच्या पिढीत पत्रिका न बघता झालेल्या लग्नांतही ती असणार.

आता मुलगी मृगाच्या पहिल्या चरणातली आणि मुलगा पुष्याच्या चौथ्या चरणातला असं धरू. दोघांची मध्य नाडी. बाकीच्या कूटांमुळे बेरीज अठराच्या वर जाते, पण नाडीसमोर शून्य. हीच पत्रिका टिळक पंचांगाने मांडली तर त्याचे अयनांश वेगळे असल्यामुळे ग्रह सुमारे चार अंश पुढे सरकतात आणि मुलाचं नक्षत्र आश्लेषा होतं. आश्लेषाची नाडी अंत्य, म्हणजे एकनाड गेली! पण आश्लेषा राक्षसगणाची, मृग देवगणाचं, म्हणून तिथले गुण जातात. त्यामुळे मनासारखं उत्तर मिळेपर्यंत पंचांगं बदलत राहण्यात अर्थ नाही. जन्मवेळ मात्र जन्माच्या कागदाशी ताडून पाहावी. चंद्र साधारण सहा तासांत एक चरण ओलांडतो, तेव्हा नक्षत्र बदलण्याच्या सुमाराला जन्म असेल तर घड्याळातली थोडी चूकही पुरते.

मग बोलावं ते आधी जोडीदाराशी, समोरासमोर आणि त्याच्या घरी कळायच्या आत. ‘आईने पत्रिका दाखवली, एकनाड निघाली. मला लग्न मोडायचं नाही. घरी काय सांगायचं ते आपण दोघांनी ठरवू या,’ या क्रमाने. मधलं वाक्य राहून गेलं की समोरचा पुढचं सगळं नकाराची प्रस्तावना म्हणून ऐकतो. लपवून ठेवणं तर सर्वांत महाग पडतं, कारण साखरपुड्यात कोणाचे तरी काका ते बोलून दाखवतातच. आणि ज्याला मुळातच लग्न नको आहे, त्याने ते तसं सांगावं. नाडीला पुढे करू नये.

आईशी बोलताना ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून सुरुवात केली, की वाद श्रद्धेवर जातो आणि भीती तिथेच राहते. त्यापेक्षा विचारावं, ‘आई, तुला नेमकी कशाची धास्ती वाटतेय?’ बहुतेकदा उत्तर येतं, ‘नाडी एक म्हणजे रक्त एक, असं म्हणतात ना.’ इथे शांतपणे सांगता येतं की रक्तगट आईवडिलांकडून येतो आणि नाडी चंद्राच्या जागेवरून. सख्ख्या भावंडांचा रक्तगट एक असून नाड्या वेगळ्या असू शकतात. घरातल्याच पत्रिका काढून दाखवाव्यात. आणि नवराबायकोचा रक्तगट एक असल्याने मुलाला काही होत नाही.

रक्ताची खरी काळजी असेल तर दोन तपासण्या कराव्यात. मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात साधारण 28 व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर 72 तासांत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. दुसरी तपासणी थॅलेसेमियाची. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला लग्नाआधीच घ्यावा. हे रिपोर्ट नाडीबद्दल काही सांगत नाहीत, पण ‘मुलाचं काय’ या प्रश्नाला आईच्या हातात धरण्यासारखं काहीतरी मिळतं.

एवढ्यावरही आईला शांती करायची असेल तर करू द्यावी. मात्र किती खर्च आणि कितीदा, हे आधी दोघांनी ठरवून तिला सांगावं. ‘एकदाच, आणि त्यानंतर हा विषय तू सासरच्यांपुढे काढायचा नाहीस.’ शांती आटोपल्यावर त्याच गुरुजींनी पत्रिकेत कालसर्पही दाखवायला सुरुवात केली, तर दक्षिणा देऊन उठावं.