व्हिडिओचे किती घ्यायचे?

‘दादा, एका व्हिडिओचे किती घेता?’ कंपनीच्या माणसाचा असा मेसेज आला की बहुतेक यूट्यूबर आधी ओळखीच्या दुसऱ्या यूट्यूबरला फोन लावतात. तो काय घेतो ते विचारायचं, आपले सबस्क्रायबर बघून त्यात थोडं कमी-जास्त करायचं आणि आकडा कळवून मोकळं व्हायचं. समोरून लगेच ‘चालेल’ असं उत्तर आलं, की कमी सांगितल्याची चुटपुट दिवसभर लागून राहते. खरं तर ज्याला फोन लावला, त्यानंही आपला आकडा असाच कुणाला तरी विचारून ठरवलेला असतो.

हा आकडा हिशेबानं काढता येतो. त्यासाठी एक काल्पनिक चॅनेल घेऊ. नारायणगावच्या बाजूचा एक तरुण टोमॅटो आणि भाजीपाल्याच्या शेतीवर व्हिडिओ करतो. सबस्क्रायबर सव्वा लाख. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपाची एक कंपनी त्याच्याकडे येते आणि त्याच्या नेहमीच्या व्हिडिओत सव्वा मिनिट आपल्या पंपाबद्दल बोलायला सांगते.

सव्वा लाख हा आकडा इथे बाजूला ठेवायचा, कारण सबस्क्रायबर म्हणजे प्रेक्षक नव्हेत. यूट्यूब स्टुडिओत जाऊन मागच्या बारा व्हिडिओंना पहिल्या ३० दिवसांत किती व्ह्यूज मिळाले ते लिहून काढायचं. समजा आकडे असे निघाले: १४, ११, १९, १६, २२, ९, १७, १३, १८, १५, २० हजार, आणि एक व्हायरल झालेला व्हिडिओ ६ लाख ४० हजारांचा. यांची सरासरी जवळपास ६८ हजार येते, पण ६८ हजारांच्या आसपास गेलेला एकही व्हिडिओ या यादीत नाही. म्हणून आकडे चढत्या क्रमानं मांडायचे आणि मधले दोन घ्यायचे: १६ आणि १७ हजार. आपला अंदाज साडेसोळा हजार. व्हायरल व्हिडिओ कंपनीला जरूर दाखवावा, पण त्याच्या जोरावर भाव सांगू नये. शॉर्ट्सचे व्ह्यूजही यात मिसळू नयेत. मार्च २०२५ च्या अखेरीपासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी यूट्यूब तो व्ह्यू धरतं, त्यामुळे ते आकडे फुगलेले दिसतात.

साडेसोळा हजार लोक व्हिडिओ उघडतील, पण पंपाची गोष्ट येईपर्यंत किती जण थांबतील? याचं उत्तर स्टुडिओतला रिटेन्शनचा आलेख देतो. जुन्या व्हिडिओंत तिसऱ्या मिनिटाला ५५ टक्के लोक टिकत असतील, तर जाहिरात बघणारे साधारण नऊ हजार. हीच जाहिरात आठव्या मिनिटाला टाकली तर निम्मेसुद्धा उरणार नाहीत. त्यामुळे ती कुठे येणार, हे भाव ठरण्याआधी ठरलं पाहिजे.

आता या नऊ हजार लोकांची या कंपनीला किंमत काय? त्यांचं वय आणि शहरं यूट्यूब सांगतं. शेत कुणाचं आहे आणि फवारणी कोण करतं, ते सांगत नाही. त्यासाठी चॅनेलवर एक पोल टाकायचा आणि कमेंट वाचायच्या. ‘दादा, फुलकिडीला काय मारू?’ असं विचारणारा माणूस गिऱ्हाईक आहे. ‘गावाची आठवण आली’ लिहिणारा पुण्यातला नोकरदार नाही. समजा एक तृतीयांश, म्हणजे तीन हजार जण स्वतः फवारणी करणारे निघाले. त्यातल्या शंभरात एकानं पंप घेतला तरी तीस पंप खपले. कंपनी एका पंपामागे जाहिरातीवर ६०० रुपये घालवू शकत असेल, तर हा व्हिडिओ तिच्या दृष्टीनं १८ हजारांचा. हे ६०० रुपये कुठून आणायचे? सरळ विचारायचं. विक्रेत्याला किती कमिशन देता, एक गिऱ्हाईक मिळवायला एरवी किती खर्च येतो, हे कंपनीचे लोक बऱ्याचदा सांगतात. नाही सांगितलं तर पंपाच्या किमतीवरून अदमास बांधायचा.

याच व्हिडिओत मोबाइल गेमची जाहिरात असती तर बघणारे तेच नऊ हजार, पण त्यांचा भाव वेगळा. उलट चाळीस हजारांचं पॉवर वीडर असतं, तर तीन-चार गिऱ्हाइकांतही कंपनीचा खर्च निघू शकतो. हजार व्ह्यूजला सरसकट एकच दर लावला की हा फरक बुडतो.

झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा आपल्या तासांवरून निघते, आणि लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. सव्वा मिनिटाला कितीसा वेळ लागणार, असं वाटतं. पण बोलणी आणि करारात तीन तास जातात, लिहून मंजुरी घेण्यात तीन, जास्तीच्या चित्रीकरणात तीन, एडिटिंगला दोन, कंपनीनं सुचवलेल्या दुरुस्त्यांना तीन, शेवटी आकडे पाठवायला एक. शिवाय पंप स्वतः वापरून बघण्यात पाच तास. हे पाच तास वाचवायचा मोह होतो, पण ते वाचवू नयेत. कागदावर लिहिलेलं असतं, एका चार्जिंगमध्ये वीस टाक्या. रानात चौदाव्या टाकीलाच दाब उतरतो. वीस म्हणून मोकळे झालो तर कमेंटमध्ये पहिला शेतकरीच ते उघडं पाडेल, आणि पुढच्या जाहिरातीसाठी धरलेला शंभरात एक हा अंदाजही कोसळेल.

एकूण वीस तास झाले. तासाचा दर असा काढायचा: महिन्याला घरात ५० हजार यायला हवेत आणि चॅनेलचा खर्च २० हजार, म्हणजे ७० हजार. महिन्यात दोनशे तास काम होतं, पण पैसे मिळवून देणारे त्यातले १४० धरू. तासाला ५०० पडले. वीस तासांचे दहा हजार, कॅमेरावाल्याचे दोन आणि पेट्रोल-मजुरीचा एक हजार मिळून तेरा. तेराच्या खाली घरातून पैसे घालावे लागतील; अठराच्या वर कंपनी पुन्हा येणार नाही. सतरा सांगून पंधरापर्यंत यायला हरकत नाही. कंपनी आठावरच अडली तर भाव उतरवण्याऐवजी काम कमी करावं: पंप हातात धरून वीस सेकंद, एकच दुरुस्ती, रानातली चाचणी नाही, आणि चाचणी केलेली नाही हे प्रेक्षकांना स्पष्ट सांगायचं. आणि तासांचा हिशेब वरच्या मर्यादेच्याही पुढे जात असेल तर हा सौदा होण्यासारखाच नाही, हे वेळीच कळलेलं बरं.

सव्वा मिनिटाचा तुकडा कंपनीला फेसबुकवर स्वतःची जाहिरात म्हणून चालवायचा असेल, तर त्याचे महिन्याच्या हिशेबानं वेगळे पैसे लावावेत. तीन महिने दुसऱ्या पंपाचं नाव घ्यायचं नाही, अशी अट असेल तर तेवढ्या काळात किती कामं बुडतील ते बघून आकडा वाढवावा. व्ह्यूजची हमी शक्यतो देऊ नये. द्यावीच लागली तर यादीतल्या सर्वांत कमी आकड्याची, म्हणजे नऊ हजारांची द्यावी. निम्मे पैसे आधी घ्यावेत. आणि जाहिरात आहे हे लपवायला सांगणाऱ्याला कुठल्याच भावात हो म्हणू नये. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ते ठळकपणे सांगावं लागतं, आणि यूट्यूबवरही पेड प्रमोशनची खूण करावी लागते.

महिनाभरानं अंदाज ताडून बघायचा. समजा व्ह्यूज सतरा हजार झाले, पण कूपन कोड वापरून पंप घेणारे तीसऐवजी एकोणीसच निघाले. लगेच दर पाडायची घाई करू नये. बरेच शेतकरी व्हिडिओ बघतात आणि पंप गावातल्या कृषी सेवा केंद्रातून घेतात. तिथे कूपन कोण विचारतो? जुन्नर-आंबेगावच्या दुकानदारांकडे त्या महिन्यात किती पंप गेले आणि आधीच्या महिन्यात किती, हे दोन आकडे कंपनीकडून मागून घ्यायचे. पुढच्या व्हिडिओचा भाव सांगताना शंभरात एक धरायचं की पाऊण, हे त्यावरून ठरेल.