भांगाजवळची पांढरी रेघ

माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. कमरेपासून वरचा फोटो उभ्या चौकटीत काढला, की वरपासून खालपर्यंत साठेक सेंटिमीटरचा भाग त्यात मावतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर त्या उंचीला ६,००० पिक्सेल मिळतात, म्हणजे एका मिलिमीटरला दहा. या हिशेबाने एका केसाच्या वाट्याला पुरता एक पिक्सेलही येत नाही. तरीही डोक्याभोवती उडालेला एकटा केस फोटोत ठळक दिसतो, कारण तो ज्या पिक्सेलमधून जातो त्याला शेजाऱ्यांपेक्षा थोडा गडद किंवा थोडा उजळ करून जातो. डोळ्याला तेवढा फरक पुरतो.

फोटोतले केस ‘बसवायचे’ म्हणजे हा फरक मिटवायचा. पांढरी मुळं झाकायची म्हणजे उजेडाचा फरक कमी करायचा आणि मग त्यावर रंग चढवायचा. हे काम करणारा माणूस मनातल्या मनात केस पाहतच नाही. शेजारपेक्षा काय गडद आहे आणि काय उजळ आहे, एवढंच पाहतो. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

एक फोटो घेऊ. पन्नाशी ओलांडलेल्या एका गायिकेचा, कार्यक्रमपत्रिकेसाठी काढलेला. आंबाडा, मधोमध भांग, मागे राखाडी पडदा. समोरून मऊ उजेड आणि उजव्या खांद्यामागे एक छोटा दिवा, केसांच्या कडेला चमक यावी म्हणून. या मागच्या दिव्यानेच घोळ केला आहे. उजव्या बाजूचे उडते केस त्याने पेटल्यासारखे केले आहेत, तर डाव्या बाजूचे केस त्याच पडद्यावर काळ्या रेघांसारखे दिसतात. शिवाय कलप लावून तीन आठवडे झालेले. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे भांगाच्या दोन्ही बाजूंना सात-आठ मिलिमीटरचा पांढरा पट्टा उघडा पडला आहे. फोटोत त्याची रुंदी ऐंशी पिक्सेलच्या आसपास भरते.

आधी उडते केस. फोटोशॉपमध्ये मूळ फोटोवर एक रिकामा थर घ्यायचा आणि सगळं काम त्यावर करायचं, म्हणजे खालचा फोटो शाबूत राहतो. हत्यार Clone Stamp. एका जागेवरचे पिक्सेल उचलून दुसऱ्या जागी ठेवणं एवढंच त्याचं काम. Sample मध्ये Current & Below निवडायचं, नाहीतर रिकाम्या थरावरून उचलायला काहीच सापडत नाही. डाव्या बाजूला या ब्रशचा Mode Lighten ठेवायचा. मग शेजारच्या पडद्याचा तुकडा उचलून केसावरून फिरवला, की ब्रश फक्त त्याच ठिकाणी रंग टाकतो जिथे खालचं काही त्याहून गडद आहे. काळा केस जातो, पडदा जवळजवळ तसाच राहतो. उजव्या बाजूला केस पडद्याहून उजळ आहेत, म्हणून तिथे Darken. एकाच डोक्याच्या दोन बाजूंना दोन उलट्या रीती वापराव्या लागतात, आणि त्या का हे कळलं की कुठल्याही फोटोपुढे अडायला होत नाही.

दोन गोष्टी मात्र जपाव्या लागतात. पडद्यावर उजेड सगळीकडे सारखा नसतो, तो कडेकडे मंद होत जातो. म्हणून तुकडा केसाच्या अगदी जवळून उचलायचा आणि थोड्या थोड्या अंतराने नवा उचलायचा. दुसरं असं, की Lighten ने एकाच जागी पुन्हा पुन्हा घासलं तर दर वेळी दोन दाण्यांतला उजळ दाणाच निवडला जातो आणि ती जागा हळूहळू फिकट, गुळगुळीत होत जाते. मोठा करून पाहताना हे लक्षात येत नाही. ते पकडायचं तर सर्वांत वर एक तात्पुरता Curves चा थर टाकून फोटोचा कॉन्ट्रास्ट भरमसाट वाढवायचा. पडद्यावरचे सगळे डाग आणि ठिगळं लगेच उघडी पडतात. ती दुरुस्त करायची आणि थर काढून टाकायचा.

नवखे लोक इथे Healing Brush कडे धावतात, कारण त्वचेवर तो फार छान चालतो. पण तो शेजारचे रंग आपल्यात मिसळून घेतो. डोक्याच्या कडेजवळ शेजार म्हणजे काळेभोर केस. ते पडद्यात मिसळले, की कडेला धुरकट फराटा उमटतो. मोबाइलवरच्या अॅपमध्ये बोटाने केस पुसल्यावर डोक्याभोवती जी मळकट प्रभा तयार होते, ती याच जातीची. उघड्या पडद्यावर Healing Brush ठीक आहे. कडेपासून बोटभर अंतरावर आलं की Clone Stamp.

आता काढायचं किती? डोक्याची कड सलग, स्वच्छ केली की माणसाने हेल्मेट घातल्यासारखं दिसतं. Lighten किंवा Darken इथे वाचवत नाही. डोक्याची कड आणि उडता केस यांचा रंग एकच असल्याने ब्रश कडही तितक्याच आनंदाने खातो. माझी पद्धत अशी: कडेपासून लांब गेलेले केस काढायचे, एकमेकांना छेदणारे आणि वेटोळं करून परत आलेले काढायचे, चेहऱ्यावरून आडवे गेलेले काढायचे. आंबाड्यातून निघून त्याच्याच दिशेने वळणारे छोटे केस राहू द्यायचे. कड तरीही कापल्यासारखी वाटली, तर दोन पिक्सेलचा ब्रश घेऊन, शेजारच्या केसाचा रंग उचलून, टोकाकडे बारीक होत जाणारे चार-सहा केस परत काढायचे. आधी काढलेले केस नंतर स्वतःच्या हाताने रंगवायचे हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसं करावं लागतं.

मुळांचं काम वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर जास्त रंजक आहे. पांढरा केस म्हणजे रंगद्रव्य नसलेला केस. त्याच्यावर पडलेला उजेड विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. पिवळ्या दिव्याखाली तो पिवळसर दिसतो तेही म्हणूनच. त्याच्यात आणि शेजारच्या कलप लावलेल्या केसात दोन फरक असतात: एक उजळपणाचा, दुसरा रंगाचा. या दोघांची सरमिसळ केली की फोटो फसतो. सरळ काळा रंग फासला तर केसांमधले बारीक भेद बुडतात आणि डोक्यावर बूट पॉलिश सांडल्यासारखं दिसतं. Color मोडमध्ये नुसता तपकिरी रंग दिला तर उजळपणा तसाच राहतो आणि पांढरे केस नारिंगी होतात, अगदी मेंदी लावल्यासारखे. नुसतं गडद केलं तर राखेसारखी निळसर छटा येते.

म्हणून आधी उजेड, मग रंग. Curves चा थर घ्यायचा. बहुतेक जण त्या रेषेचा मधला भाग खाली ओढतात. त्याने काळे केसही आणखी काळे होतात. त्याऐवजी रेषेचं उजवीकडचं वरचं टोक खाली आणायचं. त्यामुळे उजळ भाग सर्वांत जास्त उतरतो, गडद भाग त्यामानाने कमी. ० ते २५५ च्या मोजपट्टीवर आपल्या गायिकेचे पांढरे केस २०० च्या आसपास आहेत आणि शेजारचे रंगवलेले ५० च्या. २०० ला ८०-९० पर्यंत आणलं की पुरे. ५० पर्यंत नेलं तर पट्टा सपाट होतो. मग थराचा मास्क काळा करून परिणाम झाकायचा आणि पांढऱ्या बारीक ब्रशने, दहा-पंधरा टक्के Flow वर, तो मुळांवर उमटवत जायचा. हात चालवायचा तो कंगवा फिरतो त्या दिशेने, भांगाकडून बाहेर. पट्ट्यावर आडवा ब्रश फिरवला की काम संपलं समजा.

भांगातली त्वचा यातून वगळायची. केसांबरोबर तीही गडद झाली तर भांग बुजतो, आणि मधोमध भांग पाडणाऱ्या बाईचा भांग बुजला की तिच्या ओळखीतलं कुणीही ते सांगेल, भले नेमकं काय चुकलंय हे त्याला सांगता येणार नाही.

यानंतर नवा थर, त्याचा मोड Color, ब्रश वीस-तीस टक्क्यांवर. रंग उचलायचा तो पांढरा पट्टा जिथे संपतो त्याच्या लगतच्या केसातून, चमक किंवा सावली टाळून. आपले काळे केस फोटोत कधीच शुद्ध काळे नसतात, त्यात तपकिरी असतं. कलप जुना झाला की त्यात लालसरही येतं. शेवटी डोक्यावरून जाणारी चमकेची पट्टी पाहायची. ती कलपाच्या केसांवरून येऊन मुळांपाशी अचानक विझत असेल, तर तिथे मास्क थोडा पुसून उजेड परत आणायचा.

कानशिलं आणि कपाळाची केसरेषा यांवर मात्र हात आखडता घ्यावा. तिथली लव कोवळ्या वयातही विरळ आणि फिकट असते. ती गडद केली की टोप घातल्याचा भास होतो. भुवयांकडेही नजर टाकावी. केस काळेभोर आणि भुवया करड्या, हा मेळ खऱ्या चेहऱ्यात क्वचितच दिसतो.

जुन्या स्टुडिओतल्या टचिंग करणाऱ्यांना हे काम उलटं करावं लागे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत ती जागा उजळ होते, म्हणून सुरकुत्या पेन्सिलने सहज जात. पांढरे केस मात्र निगेटिव्हमध्ये आधीच दाट काळे असतात. ते उतरवायला पात्याने थर खरवडावा लागे, नाहीतर तयार छापावर ब्रशने रंग भरावा लागे. खरवडलेलं परत येत नसे.

किती झाकायचं हा प्रश्न गायिकेला आधी विचारलेला बरा. ‘सगळे काळे करा’ हे पहिलं उत्तर असतं. ‘ताई, काल कलप लावल्यासारखं हवं, की आठवड्यापूर्वी लावल्यासारखं?’ असं विचारलं की बहुतेक जणी जरा थांबतात आणि दुसरं निवडतात. मग दोन्ही थर एका गटात घालून त्याची Opacity पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत उतरवायची. पत्रिका छापली जाणार असेल तर त्याला आणखी एक कारण आहे: कागदावर शाई पसरते, गडद भाग भरून येतात, आणि पडद्यावर सुरेख दिसणारे काळे केस छपाईत एकच गोळा होऊन बसतात.

हाच फोटो कापून व्हिसाच्या अर्जाला लावायचा मोह होतो. ते करू नये. अमेरिकेच्या व्हिसासारख्या अर्जांना फेरफार केलेला फोटो चालत नाही. तिथे कंगवा, दोन काळ्या पिना आणि थोडं तेल एवढीच साधनं, आणि मुळं असतील तशी.